वजनाच्या तक्त्याचा फोटो बघितला, सविस्तर लिहिते

पोरी, रात्री पाठवलेले दोन्ही फोटो सकाळी चष्मा लावून, मोठे करून बघितले. आधीच सांगते, एवढी वर्षं आरोग्य केंद्रात वजनं केली म्हणून तक्ता वाचून दाखवेन. बाळाचं वजन कमी आहे का, तुझं दूध पुरतंय का, हे बाळाला हातात घेऊन बघणाऱ्या डॉक्टरांनी सांगायचं. माझ्याकडे फक्त कागद आहे.

पान बरोबर आहे, मुलींचंच. मुलांचा तक्ता वेगळा असतो. खालची आडवी ओळ वयाची, महिन्यांत. डावीकडची उभी ओळ किलोची. मधे वर चढत जाणाऱ्या पाच रेषांच्या टोकाला ३, १५, ५०, ८५, ९७ लिहिलंय. हे मार्क नव्हेत गं. तू लिहिलंस, "पंधराच पडले." एकाच वयाच्या शंभर निरोगी मुली वजनाप्रमाणे रांगेत ठेवल्या, तर १५ च्या रेषेवरच्या मुलीपेक्षा साधारण पंधराजणी हलक्या असतील आणि बाकीच्या जड, एवढाच त्याचा अर्थ. ५० म्हणजे रांगेचा मध्य. तिथं पोचलंच पाहिजे असं काही नाही, निम्म्या निरोगी मुली त्याच्या खालीच असतात. हा तक्ता जागतिक आरोग्य संघटनेचा, २००६ सालचा. सहा देशांतली, अंगावर पिणारी बाळं मोजून केलेला, त्यात आपल्या दिल्लीचीही बाळं होती. तेव्हा "परदेशी बाळांचा तक्ता आहे, सोडून दे" असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस.

आता आपल्या छकुलीचे ठिपके. जन्माला २.८ किलो, सहाव्या आठवड्यात ४, दहाव्यात ४.७. हे तिन्ही १५ च्या रेषेवर किंवा अगदी जवळ. चौथा ५ किलोचा, तो ३ च्या रेषेच्या किंचित खाली दिसतोय. झोप उडाली ती याच्यामुळंच ना?

पण हा ठिपका चार महिन्यांच्या रेघेवर दिलाय. शेजारच्या पानावर जन्मतारीख ६ मार्च आणि लसीची तारीख १२ जून आहे. म्हणजे त्या दिवशी ती बरोबर १४ आठवड्यांची होती, तीन महिने आणि सहा दिवस. ठिपका तीनच्या रेघेच्या जरा उजवीकडं यायला हवा. तिथं ५ किलो ३ आणि १५ च्या मधे येतं. गर्दीत घाईघाईनं ठिपका चुकीच्या रेघेवर पडतो, हे मी खूपदा बघितलंय. तरी तू स्वतः खोडू नकोस, त्यांनाच दाखवून दुरुस्त करून घे.

ठिपका सरकवला तरी एक गोष्ट राहतेच, ती तुझ्यापासून लपवत नाही. दहाव्या आठवड्यापर्यंत रेष धरून चाललेली पोरगी नंतर जरा खाली आलीय. आधीच्या चार आठवड्यांत ७०० ग्रॅम वाढली, नंतरच्या चारांत ३००. याची कारणं बरीच असू शकतात, वजनकाटा वेगळा असणं किंवा एकदा कपड्यांसकट आणि एकदा उघडं वजन करणं हीसुद्धा. मी त्यातलं एकही निवडणार नाही. एका ठिपक्यावरून काही ठरवायचं नसतं आणि दुर्लक्षही करायचं नसतं. म्हणून पुढच्या लसीची वाट बघू नकोस, याच आठवड्यात दवाखान्यात फोन करून वेळ घे. त्याच काट्यावर, लंगोट काढून पुन्हा वजन करायला सांग. लांबी आणि डोक्याच्या घेराची पानं तुझ्या फोटोत नाहीत, तीही भरलीत का ते विचार. डॉक्टर सगळं मिळून बघतात.

जाताना दोन दिवसांची नोंद ने: किती वेळा पिते, किती लंगोट ओले होतात.

सासूबाई गंगावेशीतल्या म्हशीच्या दुधाचं म्हणताहेत असं लिहिलंस. कोल्हापुरात ते म्हणणारच! कट्ट्यावरचं धारोष्ण दूध मोठ्यांनी प्यावं. सहा महिन्यांपर्यंत बाळाला वरचं दूध, गुटी, पाणी काही नको, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पावडरही नको. त्यांना माझं नाव सांग, माझ्याशी भांडतील, चालतंय.

बाळानं प्यायचं सोडून दिलं, मलूल पडलं, ताप आला, धाप लागली किंवा लघवी अगदी कमी झाली, तर मात्र तक्ता बाजूला ठेव आणि रात्र असली तरी लगेच सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात ने.

नवीन वजन झालं की वही सपाट ठेवून, वरून सरळ फोटो काढ. हा तिरका आलाय, रेषा मोजताना मला पट्टी लावावी लागली.