प्रश्नमंजूषा: अंतिम भाग

(सुरुवातीचे संगीत. प्रकाश मंचावर.)

सूत्रसंचालक: नमस्कार मंडळी! निळा संघ, तयार?
निळा: केव्हाचे!
सूत्रसंचालक: पिवळा संघ शांत आहे. म्हणजे अभ्यास झालाय!

पहिली फेरी. थेट प्रश्न, 10 गुण.

सूत्रसंचालक: ऑक्टोपसला हृदये किती?
निळा: तीन.
सूत्रसंचालक: बरोबर! पिवळा, प्रौढ माणसाच्या शरीरात हाडे साधारण किती?
पिवळा: 206.
सूत्रसंचालक: अचूक.

दुसरी फेरी. बझर. बरोबर 20, चूक उणे 10, पुढे गेलेला प्रश्न 10.

सूत्रसंचालक: कोणत्या ग्रहाला सूर्याभोवती फिरण्यापेक्षा स्वतःभोवती फिरायला जास्त वेळ...
(बझर)
निळा: बुध!
सूत्रसंचालक: अरेरे, प्रश्न तरी संपू द्यायचा! पिवळा?
पिवळा: शुक्र.
सूत्रसंचालक: शाब्बास! स्वतःभोवती 243 दिवस, सूर्याभोवती 225. बुध मात्र 59 दिवसांत गिरकी घेतो. पुढचा प्रश्न: पाण्याची घनता सर्वांत जास्त कधी?
(बझर)
निळा: 4 अंश सेल्सिअसला!
सूत्रसंचालक: वा! म्हणूनच तळे वरून गोठते आणि खाली मासे जगतात. माझा आवडता प्रश्न हा. आणि गुणफलक पाहा, 20-20!

टायब्रेकर. पाटीवर लिहा, जवळचा आकडा जिंकेल.

सूत्रसंचालक: पृथ्वी ते चंद्र, सरासरी अंतर किती किलोमीटर?
निळा: 4 लाख.
पिवळा: 3 लाख 80 हजार.
सूत्रसंचालक: उत्तर आहे 3,84,400! पिवळा संघ विजेता!

(टाळ्या)

सूत्रसंचालक: गुण पाहू. निळा: 10, उणे 10, 20; एकूण 20. पिवळा: 10 आणि 10, एकूण 20. निकाल टायब्रेकरवर. निळा संघ, तुमचा तो 4 अंशांचा बझर जबरदस्त होता!