व्यायामाचा तक्ता पाठव

अरे बाळा, काकू बोलतेय. तू शाळेत असताना ज्याच्याकडे गणपतीत मोदक खायला यायचास, त्याची आई. तू आता लोकांना व्यायाम शिकवतोस असं तुझ्या आईकडून कळलं, म्हणून हक्काने लिहितेय.

नवरात्रात आमच्या भिशीतल्या सात जणी कळसूबाईला दर्शनाला निघाल्यात. मलाही जायचंय. त्यासाठी मला एक व्यायामाचा तक्ता करून दे.

कळसूबाई म्हणजे १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. नाशिकहून घोटीमार्गे बारी गावापर्यंत गाडी, पुढे पायीच. वाटेत कातळाला लोखंडी शिड्या लावल्यात. आमच्या मोठ्या वहिनी मागच्या वर्षी जाऊन आल्या. म्हणाल्या, चढणं सोपं, उतरताना पाय लटपटतात. देवीपुढे उभ्या राहून, मागे भंडारदऱ्याचं पाणी दिसतंय असा फोटो स्टेटसला ठेवला होता त्यांनी. मी तो चार वेळा बघितला आणि ठरवलं. (हे त्यांच्या कानावर जाऊ देऊ नकोस.)

मला नुसतं वर पोचायचं नाहीये. नवरात्रात तिथे जत्रेसारखी गर्दी असते, शिडीवर मी थांबले की मागची सगळी रांग थांबणार. ‘आजी, जरा बाजूला व्हा’ हे मला कुणाकडून ऐकायचं नाहीये. मी अजून आजी झालेलीसुद्धा नाही.

खाण्याचंही लिही. आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही. नवरात्रात माझे नऊ दिवस उपवास असतात आणि ते मी मोडणार नाही. साबुदाण्याची खिचडी खाऊन चढता येतं का? की शेंगदाण्याचे लाडू बरोबर ठेवू? भिशीतली एक म्हणते प्रोटीन पावडर घे. तिने डबा आणलाय आणि त्यात आता डाळीचं पीठ ठेवते, त्यामुळे तिचं मी फारसं मनावर घेत नाही. आणि काका म्हणतात सूर्यनमस्कार घाल, बाकी काही लागत नाही. स्वतः घालत नाहीत.

तक्ता सोमवार ते रविवार असा चौकटी आखून दे. कोणत्या दिवशी काय आणि किती, ते मराठीत आणि मोठ्या अक्षरात. फ्रीजवर लावायचाय. ‘जमेल तसं करा’ असं लिहू नकोस, नेमकं लिही. तू लिहिशील ते मी करीन, त्याची काळजी नको.

उद्या दुपारी भिशी आहे. त्याआधी आला तर बाकीच्यांनाही दाखवता येईल, सगळ्यांना एकच चालेल ना? आणि पैसे किती ते मला सांग, आईला मध्ये घालू नकोस. ती घेऊ देणार नाही.