प्रयोग अहवाल: माइल्ड स्टीलची टेन्साइल टेस्ट, स्ट्रेस-स्ट्रेन आलेख, यील्ड स्ट्रेंग्थ व इलॅस्टिक मोड्युलस

मटेरियल टेस्टिंग प्रयोगशाळा, यंत्र अभियांत्रिकी विभाग, नाशिक

उद्देश: माइल्ड स्टीलच्या नमुन्याचा स्ट्रेस-स्ट्रेन आलेख काढून त्यावरून यील्ड स्ट्रेंग्थ आणि इलॅस्टिक मोड्युलस ठरवणे.

नमुना: अंबड एमआयडीसीतील दुकानातून आणलेला १६ मिमी गोल बार, दुकानदाराच्या सांगण्यानुसार आयएस २०६२, ई२५० ग्रेडचा. सोबत टेस्ट सर्टिफिकेट नव्हते. वर्कशॉपच्या लेथवर तो १० मिमी व्यासापर्यंत टर्न केला. व्हर्नियरने तीन ठिकाणी व्यास १०.०२, १०.०० आणि ९.९८ मिमी भरला. सरासरी १०.०० मिमी, क्षेत्रफळ ७८.५४ चौ. मिमी. गेज लांबी व्यासाच्या पाचपट, म्हणजे ५० मिमी. पंचाने मारलेल्या खुणा उथळच ठेवल्या, नाहीतर नमुना खुणेवरच तुटतो.

कृती: नमुना यूटीएमच्या जबड्यांत सरळ रेषेत धरला आणि ५० मिमीचा डायल एक्स्टेन्सोमीटर (लघुतम माप ०.००१ मिमी) बसवला. लोड सेकंदाला साधारण ०.८ किलोन्यूटन या वेगाने वाढवला. डायल आणि लोडचा आकडा एकाच फ्रेममध्ये येतील असा मोबाइल लावून चित्रण केले व नोंदी त्यावरून घेतल्या. एकाने लोड आणि दुसऱ्याने डायल ओरडून सांगण्यात जो अर्धा सेकंद इकडेतिकडे होतो, तो यात टळला. यील्ड होऊन गेल्यावर एक्स्टेन्सोमीटर काढून ठेवला आणि नमुना तुटेपर्यंत ओढला.

निरीक्षणे (इलॅस्टिक भाग):

| लोड (किलोन्यूटन) | वाढ (मिमी) | स्ट्रेन | स्ट्रेस (मेगापास्कल) |
|---|---|---|---|
| ४ | ०.०१५ | ०.०००३० | ५०.९ |
| ८ | ०.०२७ | ०.०००५४ | १०१.९ |
| १२ | ०.०४० | ०.०००८० | १५२.८ |
| १६ | ०.०५३ | ०.००१०६ | २०३.७ |
| २० | ०.०६५ | ०.००१३० | २५४.६ |

२३.१ किलोन्यूटनला लोड अचानक घसरला आणि २१.७ च्या आसपास रेंगाळला. कमाल लोड ३४.४ किलोन्यूटन. तुटल्यावर दोन्ही तुकडे जुळवून मोजलेली गेज लांबी ६५.५ मिमी, मानेचा व्यास ६.२ मिमी. तुटलेली टोके कप आणि कोन आकाराची.

आलेख: दोन आलेख जोडले आहेत. पहिल्यात संपूर्ण वक्र आहे. एक्स्टेन्सोमीटर काढल्यानंतरचा स्ट्रेन क्रॉसहेडच्या सरकण्यावरून घेतल्यामुळे तो भाग आकार दाखवण्यापुरताच धरावा. याच आलेखावरून मोड्युलस काढायला जाऊ नये: १५ सेंमीच्या आडव्या अक्षावर ०.३५ स्ट्रेन बसवला, तर वरची पाचही निरीक्षणे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या रुंदीत गोळा होतात आणि रेषा उभी भिंत दिसते. म्हणून दुसरा आलेख फक्त ० ते ०.००४ स्ट्रेनचा काढला.

इलॅस्टिक मोड्युलस: पाच बिंदूंतून सर्वांत जवळची सरळ रेषा स्प्रेडशीटने काढली (बी स्तंभात स्ट्रेन, सी मध्ये स्ट्रेस):

```
=SLOPE(C3:C7,B3:B7)
```

उत्तर २,०२,०५० मेगापास्कल, म्हणजे सुमारे २०२ गिगापास्कल. ही रेषा मूळबिंदूतून जात नाही. स्ट्रेनच्या अक्षाला ०.००००४ वर छेदते. सुरुवातीला जबडे घट्ट बसताना आणि नमुना सरळ होताना आलेली ही वाढ आहे. रेषा जबरदस्तीने शून्यातून नेली असती, तर पहिल्या नोंदीवरून १७० आणि शेवटच्या नोंदीवरून १९६ गिगापास्कल आले असते. धातू एकच, मोड्युलस दोन! त्यामुळे एका बिंदूचा स्ट्रेस भागिले स्ट्रेन न करता उतारच घेतला.

यील्ड स्ट्रेंग्थ:
वरचा यील्ड = २३१०० ÷ ७८.५४ = २९४ मेगापास्कल
खालचा यील्ड = २१७०० ÷ ७८.५४ = २७६ मेगापास्कल

वरचा आकडा लोडच्या वेगाने आणि नमुना किंचित तिरका बसल्यानेही बदलतो, म्हणून डिझाइनसाठी आम्ही २७६ धरू. यील्ड स्पष्ट दिसत असल्याने ०.२ टक्के ऑफसेटची गरज नव्हती. तरी पडताळणी म्हणून ०.००२ इतकी उजवीकडे सरकवलेली समांतर रेषा काढली. ती वक्राला ०.००३४ स्ट्रेनजवळ, त्याच सपाट भागात छेदते. अ‍ॅल्युमिनियमला असा सपाट भाग नसतो, तिथे मात्र ऑफसेटशिवाय इलाज नाही.

इतर निष्कर्ष: अल्टिमेट स्ट्रेंग्थ ४३८ मेगापास्कल, इलाँगेशन ३१ टक्के, क्षेत्रफळातील घट ६१.६ टक्के. ई२५० साठी किमान २५० मेगापास्कल यील्ड, ४१० मेगापास्कल अल्टिमेट आणि २३ टक्के इलाँगेशन लागते. या तिन्ही बाबतींत बार बसतो. रासायनिक तपासणी केलेली नाही, त्यामुळे ग्रेड सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही.

त्रुटी: ८ ते २० किलोन्यूटनमध्ये क्रॉसहेड ०.३१ मिमी सरकला. ६० मिमी समांतर लांबी धरून त्यावरून मोड्युलस काढला तर जेमतेम ३० गिगापास्कल येतो, कारण त्या सरकण्यात मशीनच्या फ्रेमचे ताणणे आणि जबड्यांतील घसरणही मोजली जाते. एक्स्टेन्सोमीटरच्या ०.०५० मिमी फरकात ०.००१ मिमीची चूक म्हणजे २ टक्के, व्यासातील ०.०२ मिमीमुळे क्षेत्रफळात ०.४ टक्के. म्हणून मोड्युलस २०२ ± ५ गिगापास्कल असा नोंदवला आहे.