तीन शेंगदाणे

समीर,

सव्वाअकरा वाजलेत. तू साडेदहालाच झोपला असशील, दुसऱ्या दिवशी पक्षी बघायला जायचं नसलं तरी तू साडेदहालाच झोपतोस, म्हणूनच आत्ता लिहितेय. उद्या सकाळी चहाबरोबर वाच. बशीत ओतून, पहिला घोट डोळे मिटून झाला की मगच पुढे वाच. आणि पेन्सिल खाली ठेव. हे वहीत टिपायचं नाहीये.

ऑगस्टपासून मी तुझ्याबरोबर पक्षी बघतेय असं सगळ्यांना वाटतं. पक्षीही बघतेय. पण तुझ्याच पद्धतीने एक नोंद मीही ठेवलीय, ती अशी:

रविवार, भिगवण. सकाळी 9.20. पोह्यांची टपरी. एकच नर, करडा स्वेटर, डाव्या कोपरावर उसवलेला. पोह्यातले शेंगदाणे एकेक करून ताटलीच्या कडेला लावतो, शेवटी खातो. त्या वेळी अचानक त्यातले तीन शेजारच्या ताटलीत सरकवले. बोलला काहीच नाही. लगेच पाण्याकडे बघायला लागला. पाण्यावर काहीही नव्हतं.

शेजारची ताटली माझी होती, आणि तिथून परत आल्यापासून मी त्या तीन शेंगदाण्यांचाच विचार करतेय. दुसऱ्या कुणी दिले असते तर नुसते खाल्ले असते. पण तू शेंगदाणे कुणाला देत नाहीस रे. ग्रुपमधल्या छोट्या पोराने मागितला होता तेव्हा त्याला तू अख्खी बिस्किटं दिलीस, शेंगदाणा दिला नाहीस. मी बघितलंय.

तुझं मी बरंच काही बघितलंय. तू शिसपेन्सिलीनेच लिहितोस, कारण पावसात शाई फुटते, पेन्सिल टिकते. वेळ कधी 'साडेसहा' नसते, 6.32 असते. कुणी 'किंगफिशर' म्हटलं की तुझी मान किंचित वळते आणि तू हळूच म्हणतोस, "खंड्या." रागावून नाही. कुणाचं तरी नाव चुकलं आणि त्याच्या वतीने तुला वाईट वाटलं, तसं. फोनची रिंगटोन तांबटाची आहे, आणि पाषाणला खराखुरा तांबट टुकटुक करायला लागला तेव्हा तू खिसा चाचपलास. मला इतकं हसू आलं की मी झाडामागे गेले. आणि कुजबुज! पक्षी उडून जावा म्हणून कुणी मुद्दाम ओरडत नाही, कबूल. पण हडपसरच्या सिग्नलला, मागे ट्रक हॉर्न वाजवत असताना, "डावीकडे घेऊ का?" हेसुद्धा तू कुजबुजत विचारतोस. मग मला जवळ सरकून ऐकावं लागतं. गेले दोन महिने मला पहिल्या वेळीच नीट ऐकू येतं, तरी मी "काय?" म्हणते. आता कळलं ना का ते.

आता सुगरणीकडे येते.

सासवड रस्त्यावरची ती विहीर आठवते? बाभळीच्या फांद्या पाण्यावर झुकलेल्या, आणि त्यांना वीसेक खोपे लटकलेले. मी म्हटलं, सुगरण किती सुंदर विणते. तू म्हणालास, "विणते नाही, विणतो." आणि मग तू दहा मिनिटं बोललास, ओळख झाल्यापासून पहिल्यांदाच. नर अर्धाच खोपा विणतो, शिरस्त्राणाच्या आकाराचा. मग थांबतो, पंख फडफडवतो, मादीला बोलावतो. ती आत शिरून बघते, गवत ओढून बघते. पसंत पडला तर तो खालची लांब नळी विणून घर पुरं करतो. नाही पडला, तर खोपा तसाच अर्धवट लटकत राहतो आणि तो दुसरा विणायला घेतो. नाव बाईचं आणि सगळी मेहनत बाप्याची, असं मी म्हटलं तर तू लाजलास. कानापासून लाल झालास, गळ्यापर्यंत. तो रंग अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

समीर, तू गेले पाच महिने विणतोयस. गाडीत खिडकीची जागा माझ्यासाठी धरून ठेवतोस. तुझ्या दुर्बिणीचा पट्टा माझ्या उंचीला बसेल असा करून ठेवलायस आणि तो परत लांब केलेलाच नाहीयेस, वाकून बघतोस. भिगवणला पट्टकादंबांचा थवा उतरला तेव्हा, हिमालय ओलांडून आलेली ती पाखरं बघायला तू पहाटे चारला उठला होतास, आणि दुर्बीण आधी माझ्या हातात दिलीस. थवा लांब जाईपर्यंत मागितलीसुद्धा नाहीस. आणि मग शेंगदाणे.

आणि तिथे येऊन थांबलायस. अर्धा खोपा, शिरस्त्राणाएवढा.

तर मी आत येऊन बघून गेलेय. चारी बाजूंनी बघितलं, गवत ओढून बघितलं. घट्ट आहे. मला पसंत आहे.

आता खालची नळी विणायला घे.

(पुढचंही तूच सांगितलं होतंस, मादी अंड्यांवर बसली की तो दुसरीसाठी नवा खोपा विणायला घेतो. तेवढं सोडून बाकी सगळं सुगरणीसारखं केलंस तरी चालेल.)

पुढच्या रविवारी कवडीपाटला जाऊया. ग्रुप नाही, दोघंच. सकाळी साडेसहाला तू मला घ्यायला ये. हवं तर 6.32 ला. सूर्य सातनंतर येतो, त्याच्या आत बंधाऱ्यावर पोचू. नदीला वास येतो आणि फेसही असतो, पण धुकं असलं की तेवढा वेळ काही दिसत नाही, आणि चक्रवाक तर आलेलेच आहेत. ते जोडीने पाण्यात उभे असतात ना, त्यांच्याबद्दल तू मला एक गोष्ट अर्धीच सांगितली होतीस. रात्र झाली की जोडी नदीच्या दोन काठांना जाते आणि रात्रभर एकमेकांना हाका मारते असं जुने कवी म्हणायचे. त्यावर "पण खरं असं आहे की..." एवढं तू म्हणालास आणि तेवढ्यात कुणीतरी तुला हाक मारली. मला ते खरं काय आहे ते ऐकायचंय. तुझ्या त्या आवाजात, जवळून.

थर्मास मी आणते. आलं घालून, साखर कमी. स्टीलच्या नाही, चिनी मातीच्या दोन बश्या आणते, कागदात गुंडाळून. पोहे घरूनच करून आणेन, आणि शेंगदाणे सगळे तुझ्या डब्यात घालेन. त्यातले किती माझ्याकडे सरकवायचे ते तू ठरव. मी या वेळी पाण्याकडे बघणार नाही, तुझ्याकडे बघणार आहे.

उत्तर लांबलचक नको, तुला ते जमणार नाही आणि तू दिवसभर खोडत बसशील. एका पक्ष्याचं नाव पाठव. येणार असशील तर भारद्वाज. मनात तसं काही नसेल तर टिटवी. टिटवीला अपशकुनी म्हटलेलं तुला खपत नाही, माहीत आहे, तिची मी आधीच माफी मागितलीय. टिटवी आली तरी मी काही विचारणार नाही, रुसणार नाही, आणि महिनाअखेरच्या सहलीला नेहमीसारखी येईन. फक्त तुझ्या दुर्बिणीचा पट्टा परत लांब करून देईन.

पण मला वाटतं, भारद्वाज येईल.

मुक्ता