घाण्याला वर्ष झालं: तुमचे आभार आणि अभ्यंगाचं तेल

लाकडी घाणा, रविवार पेठ, सातारा
२८ सप्टेंबर २०२५

सप्रेम नमस्कार,

गेल्या दसऱ्याला, १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, घाण्याची पूजा करून पहिले दाणे टाकले. येत्या गुरुवारी, २ ऑक्टोबरला, दसऱ्यालाच वर्ष पूर्ण होतंय. बाजारात स्वस्त तेल मिळत असताना तुम्ही महिन्याच्या किराण्यात आमची बाटली धरलीत, याबद्दल मनापासून आभार.

भाव जास्त का, हे तुम्ही विचारत आलात आणि ते विचारायलाच हवं. एका घाण्यात १२ किलो दाणे बसतात, फिरायला पाऊण ते एक तास लागतो आणि हाती पावणेपाच लिटरच्या आसपास तेल येतं. म्हणजे लिटरमागे अडीच किलो दाणे. करडईला त्याहून जास्त बी लागतं. बाटलीवर लिटर लिहिलेलं असतं, त्याचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. दुसरीकडे किलोचा भाव सांगितला, तर तुलना करताना हा फरक धरा.

तुमच्या तक्रारींनी घाण्यावरचं कामही सुधारलं, त्यासाठी वेगळे आभार. पावसाळ्यात तेल गढूळ येतं आणि तळाशी जाड थर बसतो, असं जुलैत बऱ्याच जणांनी सांगितलं. दमट हवेत दाणे ओल धरतात, मग पेंड नीट सुटत नाही आणि गाळ तेलात उतरतो. आता दाणे टाकण्याआधी उन्हात किंवा पंख्याखाली वाळवतो, काळपट आणि बुरशी लागलेले वेचून काढतो, आणि तेल दोनऐवजी चार दिवस निवळू देऊन मगच बाटलीत भरतो. तरी तळाशी थोडा गाळ दिसेल. तो दाण्याचाच असतो. बाटली हलवू नका, वरचं तेल ओतून घ्या.

दिवाळीचं तळण जवळ आलंय, म्हणून फेसाविषयी. घाण्याच्या तेलातले चिकट अंश काढलेले नसतात, त्यामुळे पहिल्या तापण्याला फेस येतो आणि काठोकाठ भरलेली कढई उतू जाते. कढई अर्धीच भरा, आच मंद ठेवा, फेस बसला की मग चकली सोडा. तेलातून धूर निघेपर्यंत थांबायची सवय असेल, तर ती इथे मोडावी लागेल. धूर आला म्हणजे तेल जळायला लागलं, आणि चकलीला कडवट वास येतो. तळून उरलेलं तेल गार झाल्यावर फडक्यातून गाळा, तीन-चार दिवसांत फोडणीत संपवा. ते ताज्या बाटलीत परत ओतू नका, सगळी बाटली खवट होते. करडईचं तेल तळणाला अजिबात वापरू नका, फार लवकर धुरतं. ते चटणीवर, भाकरीवर किंवा मंद आचेच्या भाजीला घ्या. त्याची खरी चव तिथेच लागते.

बाटली गॅसशेजारी किंवा खिडकीच्या उन्हात नको. शेंगदाण्याचं तेल उघडल्यापासून दोन महिन्यांत संपेल एवढंच घ्या. घरात दोनच माणसं असतील तर पाच लिटरचा डबा आम्ही स्वतःहून देणार नाही.

आता भेट. २ ते १८ ऑक्टोबरपर्यंत कुठलंही दोन लिटर तेल घेणाऱ्याला तिळाच्या तेलाची १०० मिलीची बाटली आमच्याकडून, नरक चतुर्दशीच्या अभ्यंगासाठी. ती यंदा २० तारखेला, सोमवारी आहे. तेल थेट आचेवर तापवू नका, वाटी गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवली की पुरे. दोन-तीन माणसांच्या अंगाला बाटली पुरते.

तीळ नको असेल त्यांनी शेंगदाण्याची एक किलो पेंड न्यावी. कुंड्यांसाठी १०० ग्रॅम पेंड एक लिटर पाण्यात तीन दिवस झाकून भिजवा आणि दहापट पाणी घालून मुळाशी ओता. कोरडी पेंड मातीवर टाकली की मुंग्या लागतात.

येताना हे पत्र आणा. एका घराला एक भेट. तिळाच्या ३०० बाटल्या भरल्या आहेत. त्या संपल्या तर तुमचं नाव लिहून ठेवू आणि नवं तेल निवळलं की चार-पाच दिवसांत बाटली देऊ. शक्यतो १४ तारखेच्या आत या, म्हणजे अभ्यंगाआधी ती नक्की हातात पडेल. रिकामी काचेची बाटली परत आणलीत तर नेहमीप्रमाणे १० रुपये वजा होतील. ती धुऊन आणायची गरज नाही, ओली बाटली उलट त्रास देते.

दुकान सकाळी ९ ते १ आणि दुपारी ४ ते ८ उघडं असतं, मंगळवारी बंद. घाणा फिरताना बघायचा असेल तर सकाळी १० ते १२ मध्ये मुलांना घेऊन या.

तुम्हाला आणि घरच्यांना दसऱ्याच्या शुभेच्छा.

आपला,
संतोष