हायड्रोजनच्या वर्णरेषा: भिंतीवरच्या तक्त्याच्या फोटोवरून, श्रेणीनिहाय

भौतिकशास्त्र प्रयोगशाळा, सोलापूर
बारावी शास्त्र, जर्नलसाठी

मुलांनो, गड्ड्याच्या सुट्टीआधी तुमच्यातल्या एकीने प्रयोगशाळेतल्या ऊर्जापातळ्यांच्या तक्त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला होता. तक्त्यावर प्लॅस्टिक चढवलेलं आहे, त्यामुळे वरच्या ट्यूबलाइटची चमक नेमकी मधल्या आकड्यांवर आली आहे आणि उजवी कड फोटोत कापली गेली आहे. कोणी ४८६१ ला ४८०१ वाचलं, कोणी फुंडची रेषाच सोडून दिली. म्हणून आकडे वाचून, सूत्राने तपासून इथे लिहून देत आहे.

तक्त्यावर सहा पातळ्या आहेत, n = १ ते ६. त्यांच्या ऊर्जा खालून वर −१३.६, −३.४०, −१.५१, −०.८५, −०.५४, −०.३८ इलेक्ट्रॉन व्होल्ट. सगळ्या बाणांची टोकं खाली आहेत, म्हणजे हा उत्सर्जनाचा तक्ता. सहा पातळ्यांतून दोन-दोनच्या पंधरा जोड्या होतात, तेव्हा बाणही पंधराच हवेत. फोटोत चौदाच मोजले जात असतील तर राहिलेला बाण कापलेल्या कडेवरचा आहे.

श्रेणी ठरवताना फक्त बाणाचं टोक पाहा. पुण्याहून आलेला असो की हैदराबादहून, सोलापूरला उतरला तो सोलापूरचा प्रवासी. तसंच इलेक्ट्रॉन कुठल्याही पातळीवरून आला तरी ज्या पातळीवर उतरला तिची श्रेणी.

तक्त्यावरचे आकडे अँगस्ट्रॉममध्ये आहेत. मी नॅनोमीटरमध्ये देतो. दहाने भागलं की झालं.

लायमन श्रेणी (टोक n = १ वर, अतिनील)
२ → १ : १२१.६
३ → १ : १०२.६
४ → १ : ९७.३
५ → १ : ९५.०
६ → १ : ९३.८

बामर श्रेणी (टोक n = २ वर, दृश्य)
३ → २ : ६५६.३, लाल
४ → २ : ४८६.१, निळसर हिरवी
५ → २ : ४३४.०, जांभळट निळी (चमकेखाली गेलेला आकडा हाच, ४३४०)
६ → २ : ४१०.२, जांभळी

पाश्चन श्रेणी (टोक n = ३ वर, अवरक्त)
४ → ३ : १८७५.१
५ → ३ : १२८१.८
६ → ३ : १०९३.८

ब्रॅकेट श्रेणी (टोक n = ४ वर, अवरक्त)
५ → ४ : ४०५१
६ → ४ : २६२५

फुंड श्रेणी (टोक n = ५ वर, अवरक्त)
६ → ५ : ७४५८ (फोटोत नाही, तक्त्यावर आहे)

पाच, चार, तीन, दोन, एक. बेरीज पंधरा.

आता चमकेखालचा आकडा ४३४० च आहे हे कशावरून? सूत्र तुम्हाला पाठ आहे:

1/λ = R (1/n₁² − 1/n₂²)

R = 1.09678 × 10⁷ प्रति मीटर घ्या. n₁ = २, n₂ = ५ ठेवलं की कंसात ०.२१ येतं आणि तरंगलांबी ४३४.२ नॅनोमीटर. तक्ता ४३४.० म्हणतो, उत्तर ४३४.२ येतं. हा छपाईचा दोष नाही. सूत्राने निर्वातातली तरंगलांबी मिळते, तक्त्यावर हवेतली छापली आहे. हवेत ती साधारण दहा हजारात तीन भागांनी कमी भरते. लाल रेषेलाही ६५६.५ आणि ६५६.३ असा फरक येईल. लायमनचे आकडे मात्र निर्वातातलेच आहेत, कारण एवढं अतिनील किरण हवाच शोषून घेते. लायमन यांनी १९०६ मध्ये ही श्रेणी टिपली ती निर्वात वर्णपटमापकात.

सगळ्यात जास्त गोंधळ झाला तो खालच्या श्रेण्यांत नाही, वरच्या श्रेण्यांत. बऱ्याच जणांनी तक्त्यावरच्या ऊर्जांची वजाबाकी करून १२४० ला त्या फरकाने भागलं. पद्धत बरोबर आहे आणि लायमनला छान चालते: १०.२ ने भागा, १२१.६ येतं. पण ५ → ४ ला ०.८५ वजा ०.५४ म्हणजे ०.३१, आणि १२४० भागिले ०.३१ बरोबर ४०००. तक्ता ४०५१ सांगतो. ६ → ५ ला तर ०.१६ ने भागून ७७५० येतं, तक्त्यावर ७४५८ आहे. मोठ्या आकड्यांतून मोठे आकडे वजा केले आणि उरलं थोडंसं, की दोन दशांशस्थळांपर्यंतचं पूर्णांकन त्या थोड्याशावर स्वार होतं. −०.५४४ आणि −०.३७८ घेऊन पाहा, उत्तर लगेच जवळ येईल. पाश्चनपासून पुढे मी तरी सरळ R चं सूत्रच वापरायला सांगेन.

आणखी एक. काहींनी पंधरा आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावले आणि पाच तुकडे पाडले. उत्तर बरोबर आलं, पण ते या तक्त्यात सहाच पातळ्या आहेत म्हणून. नववी पातळी काढली असती तर ९ → ४ ची रेषा १८१८ च्या आसपास आली असती, म्हणजे ब्रॅकेटची असूनही पाश्चनच्या १८७५ पेक्षा लहान. ८ → ५ ची ३७४१ सुद्धा ब्रॅकेटच्या ४०५१ च्या अलीकडे येते. लायमन, बामर आणि पाश्चन एकमेकांत घुसत नाहीत: लायमन १२१.६ ला संपते, बामर ३६४.७ च्या पुढे असते, आणि बामरच्या ६५६ नंतर पाश्चनची सीमा ८२०.६ ला आहे. त्यापुढे मात्र सरमिसळ आहे. परीक्षेत नुसती तरंगलांबी देऊन श्रेणी विचारली तर अवरक्त भागात दोन्ही पातळ्या शोधल्याशिवाय उत्तर लिहू नका.

वाचलेला आकडा पडताळायचा सोपा मार्ग म्हणजे बाणांची बेरीज. ४ → १ ची ऊर्जा ही ४ → २ आणि २ → १ च्या ऊर्जांची बेरीज: २.५५ अधिक १०.२० म्हणजे १२.७५. बेरीज ऊर्जांची करायची, तरंगलांब्यांची नाही. एका वहीत ४८६ आणि १२१ मिळवून ६०७ लिहिलेलं पाहिलं.

बामर हे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचे शाळामास्तर. १८८५ मध्ये याच चार दृश्य रेषांच्या आकड्यांवरून त्यांनी सूत्र बसवलं, तेव्हा ऊर्जापातळी ही कल्पनाच नव्हती. बोर यांनी कारण दिलं ते १९१३ मध्ये. तक्त्यावर पातळ्या आधी आणि रेषा नंतर दिसतात, इतिहासात क्रम उलटा आहे. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

जर्नलमध्ये वरच्या पाच गटांचा तक्ता करा. रकाने चार: वरची पातळी, खालची पातळी, तक्त्यावरची तरंगलांबी, सूत्राने आलेली तरंगलांबी. फुंडच्या ओळीत शेरा लिहा, 'फोटोत रेषा नाही, मूळ तक्त्यावरून'. हायड्रोजन नळी लावून वर्णपटमापकातून पाहाल तेव्हा लाल आणि निळसर हिरवी रेषा सहज सापडतील, ४३४ ची थोडं थांबल्यावर. ४१० ची फिकट असते. दारं-खिडक्या बंद करा, पडदे ओढा, आणि तरीही दिसली नाही तर दिसली असं लिहू नका. सोमवारी दुसऱ्या तासाला वह्या माझ्या टेबलावर ठेवा.