लॉजच्या व्यवसाय परवान्याचे नूतनीकरण होण्याबाबत अर्ज

दिनांक : 24 फेब्रुवारी 2026

प्रति,
मा. आयुक्त,
सोलापूर महानगरपालिका,
इंद्रभुवन, सोलापूर.
(परवाना विभाग यांचेकडे)

अर्जदार : श्रीमती सुनंदा विठ्ठल माळगे,
मालक, श्रीपाद यात्री लॉज,
घर क्र. 86/2, रेल्वे लाईन्स, सोलापूर 413001.

विषय : लॉजच्या व्यवसाय परवान्याचे सन 2026-27 करिता नूतनीकरण करणे व परवान्यातील खोल्यांची संख्या 14 ऐवजी 13 अशी नोंदविणेबाबत.

संदर्भ : 1) महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 मधील कलम 376 व 386.
2) आपल्या विभागाचा परवाना क्र. 1147/लॉज/2025-26, मुदत दि. 31 मार्च 2026 पर्यंत.

महोदय,

वरील जागेत मी प्रवाशांच्या निवासासाठी लॉज चालवते. सुरुवातीपासून दरवर्षी परवाना घेऊनच हा व्यवसाय चालू आहे. चालू परवान्याची मुदत येत्या 31 मार्चला संपत असल्याने नूतनीकरणासाठी हा अर्ज विहित नमुना व कागदपत्रांसह सादर करीत आहे.

या वर्षीचे नूतनीकरण नेहमीसारखे 'पूर्वीप्रमाणेच' अशा शेऱ्याने होऊ नये, ही माझी मुख्य विनंती आहे. चालू परवान्यात 14 खोल्या व 33 खाटा अशी नोंद आहे. प्रत्यक्षात आता 13 खोल्या व 31 खाटा आहेत. तळमजल्यावरील खोली क्र. 2 मी कायमची बंद केली आहे. आमचा आतला जिना उतरल्यावर बाहेर पडायला फक्त पुढचा दरवाजा होता. त्या दरवाजालगतच ऑफिस, विजेचे मीटर आणि इन्व्हर्टर आहे. आग लागलीच तर ती तिथूनच लागण्याची शक्यता जास्त, आणि वरच्या दोन मजल्यांवरच्या माणसांना उतरून तिथेच यावे लागले असते. खोली क्र. 2 ला बाजूच्या मोकळ्या जागेत उघडणारा मूळचाच एक दरवाजा होता, पण तो खोलीच्या आत अडकला होता. त्या खोलीचे जिन्याकडचे प्लायवूडचे पार्टिशन काढून आता जिन्यावरून थेट त्या दरवाजाने रस्त्यापर्यंत जाता येते. भिंत, बीम किंवा कॉलम यांना कोठेही हात लावलेला नाही. तसे स्ट्रक्चरल इंजिनिअरचे पत्र सोबत जोडले आहे.

एक खोली गेल्याने उत्पन्नात थोडी घट होईल, पण हा मार्ग पुन्हा बंद होणार नाही. नवीन परवान्यात खोल्यांची संख्या बरोबर असली म्हणजे पुढे कोणी ती खोली पुन्हा भाड्याने देण्याचा प्रश्नच उरणार नाही, म्हणून ही दुरुस्ती मला आवश्यक वाटते. परवाना शुल्काची आकारणीही प्रत्यक्ष खोल्या व खाटांवर व्हावी.

जागेचा तपशील असा : इमारत आर.सी.सी., तळमजला व वर दोन मजले, भूखंडाचे क्षेत्रफळ 212 चौ.मी., मिळकत माझ्या नावावर. तळमजल्यावर ऑफिस, सामानाची खोली, नवीन निर्गमन मार्ग आणि दोन खाटांची एकच खोली आहे. ती जिना चढता न येणाऱ्या वृद्धांसाठी व रुग्णांसाठी राखून ठेवतो. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये उपचाराला आलेल्यांचे नातेवाईक आमच्याकडे बरेच उतरतात, त्यामुळे ही खोली क्वचितच रिकामी असते. पहिल्या मजल्यावर सहा खोल्या असून त्यांपैकी चार दोन खाटांच्या व दोन तीन खाटांच्या आहेत. दुसऱ्या मजल्यावर दोन खाटांच्या पाच खोल्या आणि यात्रेकरूंच्या गटासाठी पाच खाटांची एक मोठी खोली आहे. प्रत्येक खोलीला स्वतंत्र संडास-बाथरूम व बाहेर उघडणारी खिडकी आहे. जेवण किंवा नाष्टा आम्ही देत नाही, इमारतीत स्वयंपाकघर नाही आणि गॅस सिलिंडर ठेवला जात नाही.

पाण्याबाबत थोडे सविस्तर लिहिते. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, आणि लॉजमधल्या माणसाला मात्र ते रोज लागते. त्यासाठी जमिनीखालील 18,000 लिटरची टाकी व गच्चीवर 5,000 लिटरची टाकी आहे. सर्व खाटा भरल्या तरी, माणशी दिवसाला 135 लिटर धरून, हा साठा पाच दिवस पुरतो. बोअरचे पाणी स्वतंत्र पाइपने फक्त संडासांना दिले आहे, ते नळाच्या पाण्यात कोठेही मिसळत नाही. टाक्या दर तीन महिन्यांनी धुतल्या जातात व त्याची तारीख टाकीवरच रंगवलेली असते. सांडपाणी महापालिकेच्या ड्रेनेजला जोडलेले आहे. ओला व सुका कचरा वेगळा करून घंटागाडीत दिला जातो.

प्रत्येक मजल्यावर अग्निशामक सिलिंडर, धूरसूचक व बाहेर पडण्याची दिशा दाखवणारे मराठी फलक आहेत. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार जानेवारी 2026 चा नमुना 'ब' परवानाधारक एजन्सीकडून घेतला असून त्यात नवीन निर्गमन मार्गाची नोंद आहे. उतारूंची नोंदवही ओळखपत्राच्या प्रतीसह रोजच्या रोज भरली जाते. कामावर पाच जण आहेत व रात्री ऑफिसमध्ये एक जण जागा असतो.

आपल्या निरीक्षकांनी जागेची पाहणी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत करावी, ही विनंती. पाहणी कोणत्याही वेळी करता येईल, मात्र दुपारी 12 ते 4 या वेळेत बऱ्याच खोल्या रिकाम्या असल्याने उतारूंना, विशेषतः महिलांना, अडचण न होता सर्व खोल्या उघडून दाखवता येतील. एप्रिलच्या मध्यावर चैत्र वद्य त्रयोदशीला अक्कलकोटला श्री स्वामी समर्थांची पुण्यतिथी असते. तेव्हा स्टेशनवर उतरणारे पुष्कळ भाविक आमच्याकडे मुक्काम करून पुढे जातात. त्या गर्दीत मुदत संपलेला परवाना भिंतीवर लावून व्यवसाय करणे मला मान्य नाही. पाहणीत काही त्रुटी आढळल्यास त्या लेखी कळवाव्यात, म्हणजे 31 मार्चपूर्वी त्या दूर करता येतील.

शुल्काचे चलन मिळताच रक्कम भरण्यात येईल. माझा भ्रमणध्वनी क्रमांक विहित नमुन्यात दिला आहे. तरी वरील दुरुस्तीसह परवान्याचे नूतनीकरण करून मिळावे, ही नम्र विनंती.

कळावे.

आपली विश्वासू,
(स्वाक्षरी)
श्रीमती सुनंदा विठ्ठल माळगे
मालक, श्रीपाद यात्री लॉज

सोबत जोडलेली कागदपत्रे (सर्व प्रती स्वसाक्षांकित) :

1. विहित नमुन्यातील अर्ज व मालकाचे छायाचित्र
2. चालू परवाना व 2025-26 च्या शुल्काची पावती
3. मिळकत कर व पाणीपट्टी भरल्याच्या चालू वर्षाच्या पावत्या, थकबाकी नाही
4. मालमत्ता पत्रकाचा उतारा
5. मंजूर बांधकाम नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र
6. तळमजल्याचा सध्याचा नकाशा. त्यात बंद केलेली खोली क्र. 2 व नवीन निर्गमन मार्ग लाल शाईने दाखवला आहे
7. स्ट्रक्चरल इंजिनिअरचे पत्र
8. अग्निसुरक्षेचा नमुना 'ब', जानेवारी 2026
9. दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 खालील सूचनापत्राची पोच
10. आधार व पॅन कार्ड
11. टाक्या धुतल्याच्या व कीटकनाशक फवारणीच्या पावत्या
12. दर्शनी भागाची, मराठी नामफलकाची व निर्गमन मार्गाची छायाचित्रे

मूळ कागदपत्रे पडताळणीसाठी लॉजच्या ऑफिसमध्ये उपलब्ध आहेत. कार्यालयात आणून दाखवायची असल्यास कळवावे.

प्रत : मा. मुख्य अग्निशमन अधिकारी, सोलापूर महानगरपालिका, यांना माहितीसाठी, अनुक्रमांक 6 ते 8 सह.